दर जूनमध्ये अडकणारा ट्रंपेट: तेल, ग्रीस आणि महिन्यातून एकदा आंघोळ

एप्रिलमध्ये कपाटात ठेवलेले ट्रंपेट जूनमध्ये बाहेर काढले की त्याच त्या तक्रारी सुरू होतात. पंधरा ऑगस्टच्या संचलनाला दोन महिनेही उरलेले नसतात. साताऱ्याकडच्या एका शाळेच्या बँडचे नऊ ट्रंपेट मी चौदा वर्षे सांभाळतोय. मुलांकडून येणारी वाक्येसुद्धा आता पाठ झाली आहेत:

- "सर, दाबलं की खाली जातं, वरच येत नाही." व्हॉल्व्ह सुस्त झालाय.
- "सर, हा दाबलाच जात नाही." व्हॉल्व्ह चिकटलाय.
- "सर, फुंकतोय पण हवाच जात नाही." हे बहुतेक वेळा कुणीतरी 'साफसफाई' केल्यानंतर लगेच होते.
- "सर, स्लाइड निघत नाही" किंवा "माउथपीस अडकलं." स्लाइड म्हणजे आतबाहेर सरकणारी वळणदार नळी.
- "सर, आवाज घुसमटतोय." नळीत काहीतरी साठलेले आहे. आवाज फक्त गुळगुळ करत असेल तर ते पाणी आहे. वॉटर की, म्हणजे पाणी सोडायची छोटी चावी, दाबून फुंकर मारायची, संपले.

यातल्या बहुतेक तक्रारी तेल, ग्रीस आणि एक बादली कोमट पाण्याने सुटतात. पण कुठली तपासणी आधी करायची हे चुकले की साधे काम महागात जाते. म्हणून फुकटातल्या तपासणीपासून सुरुवात करू.

आधी बोटे बघा

ट्रंपेट हातात घेण्याआधी मुलाला वाजवायला सांगा आणि त्याची बोटे बघा. बोट सपाट ठेवून पहिल्या-दुसऱ्या पेराने दाबणारे मूल व्हॉल्व्हला सरळ खाली न ढकलता तिरका रेटते. आतला पिस्टन आणि त्याच्याभोवतीची नळी यांच्यात केसाहूनही बारीक फट असते. तिरका जोर आला की पिस्टन एका बाजूला घासतो आणि वर यायला कुरकुरतो. बोटाच्या टोकाशी असलेल्या मऊ भागाने, सरळ खाली दाबायला सांगा. तक्रार तिथेच मिटली तर ट्रंपेटमध्ये बिघाड नव्हता. माझ्याकडे नव्या मुलांच्या तक्रारी यातच बऱ्याच मिटतात.

मग तेल, पण योग्य तेल

कोरडा पिस्टन हे सगळ्यात मोठे कारण. व्हॉल्व्ह ऑइल पाण्याइतके पातळ असते आणि ते मुद्दामच तसे असते. ते पिस्टनला घसरण देते, फट भरून हवा गळू देत नाही आणि थुंकीतल्या पाण्यापासून धातू वाचवते. दोन महिने पडून राहिले की ते उडून जाते आणि मागे थुंकीचा वाळलेला थर उरतो. जूनमधल्या तक्रारींचे मूळ तेच.

तेल घालताना तिन्ही व्हॉल्व्ह एकदम काढू नका. एक काढा, तेल घाला, परत बसवा, मग दुसरा. वरची टोपी फिरवून सोडवा आणि पिस्टन सरळ वर, अर्धा बाहेर येईल इतका उचला. खालच्या गुळगुळीत, भोके असलेल्या भागावर तीन-चार थेंब सोडा. स्प्रिंग वा फेल्टच्या गादीवर तेल ओतून उपयोग नाही. पिस्टन परत खाली सोडून हलकेच फिरवा, खाचेत बसला की 'कट्' असा आवाज येतो. टोपी बोटांनी पुरेशी घट्ट करा, ताकद लावू नका. मग तो व्हॉल्व्ह दहा-वीस वेळा दाबून सोडा.

रोज वाजवत असाल तर रोज वाजवण्याआधी तेल. आठवड्यातून तीनदा सराव असेल तर त्या तिन्ही दिवशी. बाटली मुलांच्या हाती देण्याऐवजी मी रांग लावून घालून घेतो, नाहीतर एकाच ट्रंपेटमध्ये अर्धी बाटली जाते.

आता खोबरेल. घरात असते, म्हणून आई-वडील मोठ्या प्रेमाने घालून पाठवतात. खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली गोठते. जूनमध्ये ते घातलेला व्हॉल्व्ह छान चालतो आणि सव्वीस जानेवारीच्या पहाटेच्या सरावाला मैदानावर गोठून बसतो. एका वर्षी आमचे तीन ट्रंपेट असेच मुके झाले होते. मुले व्हॉल्व्ह तळहातात धरून ऊब देत बसली होती. शिलाई मशीनचे तेल गोठत नाही, पण ते घट्ट आहे, धूळ धरते आणि पिस्टनची चाल मंद करते. जुने बँडवाले रॉकेलही वापरायचे. ते पातळ असते हे खरे, पण वाजवणाऱ्याच्या तोंडाशी तो वास नको. संगीत वाद्यांच्या दुकानात व्हॉल्व्ह ऑइलची लहान बाटली मिळते, तीच आणा. आधी घातलेले खोबरेल वरून नवे तेल ओतून जात नाही, त्यासाठी पुढे सांगितलेली आंघोळ घालावी लागते.

हवाच जात नसेल तर

पिस्टन उलटासुलटा बसला आहे. त्यातली भोके नळ्यांच्या भोकांसमोर आली तरच हवा पुढे जाते. पिस्टन फिरलेला असला की फुंकर भिंतीला लागते. मुलाला वाटते ट्रंपेट फुटला, आणि आमच्याकडे एकदा तर एक ट्रंपेट 'खराब' असा शिक्का मारून दोन वर्षे कपाटात पडून होता.

पिस्टनवर १, २, ३ आकडे कोरलेले असतात. १ माउथपीसच्या बाजूचा, ३ बेलच्या, म्हणजे पुढच्या रुंद तोंडाच्या, बाजूचा. आकडे आधी जुळवून बघा. मग प्रत्येक पिस्टन फिरवून 'कट्' आवाजापर्यंत न्या. काही ट्रंपेटमध्ये खाच दोन्ही बाजूंना सारखीच असते. तिथे पिस्टन उलटा बसूनही 'कट्' म्हणतो आणि फसवतो. त्यामुळे आवाजावर विश्वास न ठेवता फुंकून बघा. काही न दाबता हवा मोकळी जाते का, मग एकेक दाबून. जो दाबला की हवा अडते, तो पिस्टन अर्धा फेरा फिरवा.

आमच्या स्वस्तातल्या दोन ट्रंपेटवर आकडेच नव्हते. मी एकेक पिस्टन बाहेर काढून वरच्या दांड्याजवळ, हवा न लागणाऱ्या जागी, सुईने एक, दोन, तीन टिंबे कोरली. घासणाऱ्या गुळगुळीत भागावर मात्र कधीही ओरखडा पाडायचा नाही. या पिस्टनांची आपसात अदलाबदल चालत नाही, एका ट्रंपेटमधला दुसऱ्यात तर मुळीच नाही.

स्लाइड आणि ग्रीस

मोठी ट्यूनिंग स्लाइड आणि प्रत्येक व्हॉल्व्हची एक, अशा चार. मोठ्या स्लाइडला आणि दुसऱ्या व्हॉल्व्हच्या छोट्या स्लाइडला घट्ट ग्रीस. पहिली आणि तिसरी वाजवताना बोटाने सरकवायच्या असतात, म्हणून तिथे ग्रीसचा अगदी पुसट थर देऊन वर व्हॉल्व्ह ऑइलचा एक थेंब, म्हणजे त्या तुपासारख्या सरकतात. वाद्याचे ग्रीस नसेल तर साधी पेट्रोलियम जेली चालते, उन्हाळ्यात मात्र ती पातळ होऊन ओघळते.

ग्रीस किती? मसुराच्या डाळीच्या एका दाण्याएवढे, प्रत्येक नळीवर. बोटाने फिरवून पुसट करा, स्लाइड आत ढकला, बाहेर आलेला जादा भाग फडक्याने पुसा. हा जादा भाग पुसला नाही तर तो नळीतून व्हॉल्व्हपर्यंत पोचतो. मग मुले येऊन सांगतात, "सर, कालच ग्रीस लावलं, तरी व्हॉल्व्ह अडकतोय." ते 'तरी' नसते, 'म्हणून' असते.

व्हॉल्व्हची स्लाइड काढताना तोच व्हॉल्व्ह दाबून धरा. न दाबता ओढली तर बाहेरची हवा आत शिरायला वाट राहत नाही, निर्वात तयार होतो आणि स्लाइड निघताना फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. मुलांना तो आवाज आवडतो. पण त्या खेचाखेचीत सांध्यांवर ताण येतो, म्हणून हा खेळ मी पहिल्या दिवशीच बंद करतो.

स्लाइड अडकली असेल तर सांध्यावर व्हॉल्व्ह ऑइलचे थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी स्लाइडच्या वळणातून जाड फडके घालून सरळ ओढा, वाकडे नाही, आणि फक्त हाताच्या ताकदीने. नाही निघाली तर पक्कड आणू नका. नळ्या झाळून जोडलेल्या असतात. पक्कड लावली की स्लाइड निघत नाही, सांधा निघतो. माउथपीसचेही तेच. हाताने फिरवून निघाले नाही तर ते काढण्यासाठी माउथपीस पुलर नावाचे साधे यंत्र असते, दुरुस्तीवाल्याकडे दोन मिनिटांचे काम आहे. माउथपाइप म्हणजे माउथपीस बसतो ती नळी; पकडीने वळवलेला माउथपाइप सरळ करायला मात्र पाचपट खर्च येतो. हे मी ऐकीव सांगत नाही, भरलेले बिल सांगतो.

महिन्याची आंघोळ

इथपर्यंत करूनही व्हॉल्व्ह सुस्त असेल तर आत घाण आहे. थुंकी, उरलेले तेल आणि मधल्या सुट्टीतले खाणे. वडापाव खाऊन थेट वाजवायला आलेल्या मुलाच्या ट्रंपेटमधून मी शेंगदाण्याचे तुकडे काढलेले आहेत. वाजवण्याआधी गुळणा करणे हा आमच्याकडे नियम आहे.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी हे करतो. एका ट्रंपेटला साधारण पाऊण तास लागतो.

मोठा टब किंवा घमेले घ्या आणि तळाशी जुना टॉवेल अंथरा, म्हणजे धातूला पोचे येत नाहीत. पाणी कोमट हवे, तान्ह्या बाळाला आंघोळीला घेतो त्याहूनही थोडे कमी. कढत पाण्याने वरचा लॅकरचा मुलामा फुगून निघतो. त्यात भांड्यांच्या साबणाचे चार-पाच थेंब, जास्त नको.

पिस्टन काढून एका कोरड्या फडक्यावर १, २, ३ क्रमाने मांडा. वरच्या टोप्या, खालच्या टोप्या, स्लाइड सगळे वेगळे. टोप्या वाटीत ठेवा, त्या कुठे जातात हे देवालाच माहीत. आता मुख्य शरीर आणि स्लाइड पाण्यात बुडवून पंधरा मिनिटे राहू द्या. पिस्टन मात्र संपूर्ण बुडवायचे नाहीत, कारण वरची फेल्टची गादी आणि बुचे भिजली की फुगतात आणि व्हॉल्व्हची उंची बदलते. पिस्टन हातात उभा धरून फक्त खालचा धातूचा भाग पाण्याने धुवा आणि भोकांतून मऊ ब्रश फिरवा.

मग लवचिक तार असलेला स्नेक ब्रश घ्या. माउथपीस बसतो त्या नळीतून सुरुवात करा, कारण सगळ्यात जास्त घाण तिथेच असते. ब्रश अडला तर रेटू नका, दुसऱ्या बाजूने घाला. वळणात ब्रशचे टोक तुटून राहिले तर ते काढणे हे वेगळे प्रकरण होते. व्हॉल्व्हच्या नळ्यांच्या आतून तारेचा ब्रश फिरवायचा नाही. काठीला पातळ सुती फडके गुंडाळून पुसा, काठीचे टोकही झाकलेले असू द्या.

पहिले पाणी काळपट-हिरवट निघते. मोकळ्या पाण्याने दोनदा धुवा. आमच्या शाळेत बोअरचे पाणी आहे आणि ते क्षाराचे आहे. आपोआप सुकू दिले तर पिस्टनवर पांढरी साय येते आणि चार दिवसांनी व्हॉल्व्ह पुन्हा अडकतो. हे कळायला मला दोन वर्षे लागली. तेव्हापासून शेवटचे धुणे फिल्टरच्या पाण्याने आणि लगेच सुती फडक्याने कोरडे करणे. बेल खाली करून तासभर उभा ठेवला की आतले उरलेले पाणीही उतरते.

आता क्रमाने स्लाइडना ग्रीस, मग पिस्टनना तेल, मग टोप्या. माउथपीस आठवड्याला वेगळे धुवा आणि प्रत्येक मुलाला त्याचे स्वतःचे द्या.

बाहेरून चकचकीत दिसावे म्हणून कुणीतरी चिंच किंवा पितळेच्या भांड्यांची पावडर आणतोच. समईला ते चालते. ट्रंपेटवर लॅकरचा पारदर्शक थर असतो. चिंचेचे आम्ल आणि पावडरचे कण तो थर उडवतात, मग उघड्या पितळेवर घामाचे काळे डाग पडतात. पावडरचे कण व्हॉल्व्हमध्ये शिरले तर ते पॉलिश पेपरसारखे पिस्टन झिजवतात. ओलसर मऊ फडके, मग कोरडे फडके, बस.

इथे थांबा

आंघोळ, तेल, ग्रीस झाले आणि तरीही अडकतो. आता घरचे उपाय संपले. पण दुरुस्तीवाल्याकडे जाताना नेमके काय सांगायचे ते ठरवण्यासाठी एक चाचणी करा. मी ती सहा नंबरच्या ट्रंपेटवर केलेली सांगतो.

मागच्या जूनमध्ये सातवीतल्या एका मुलाने तक्रार केली, "सर, फक्त दोन नंबर वर येत नाही." पहिला आणि तिसरा झकास चालत होते. तेल घातले, दहा मिनिटे बरा, पुन्हा अडकला. आंघोळ घातली, तेच. मग पिस्टन बाहेर काढून पुसून पूर्ण कोरडा केला, नळी आतून पुसली, खालची टोपी काढून ठेवली. कोरडा पिस्टन नळीत सोडला आणि बोटाने हळूहळू फिरवत खाली-वर केला. निरोगी व्हॉल्व्हमध्ये तो सारखा सरकतो. इथे एका ठरावीक जागी, साधारण मध्यावर, तो थबकत होता, आणि फिरवल्यावरही तिथेच. म्हणजे दोष पिस्टनमध्ये नव्हता, नळी आतून दबलेली होती.

मग बाहेरून बघितले. दुसऱ्या व्हॉल्व्हची छोटी स्लाइड वाजवणाऱ्याच्या उजव्या बाजूला बाहेर आलेली असते. ट्रंपेट त्या कुशीवर पडला की सगळा मार तिलाच बसतो आणि ती नळीला आत ढकलते. ही स्लाइड किंचित वाकडी दिसत होती. मुलाला विचारले तर आधी गप्प, मग कबूल. "बाकावरून खाली पडला होता, सर." खाली शहाबादी फरशी.

दोन नंबरच अडकणे आणि बाकी दोन ठीक असणे हे या मारामागचे नेहमीचे लक्षण. नळी केसभर दबली तरी पुरे. असे आढळले तर पिस्टन ठोकून, जोर लावून किंवा पॉलिश पेपरने घासून बसवायचा प्रयत्न करू नका. पिस्टन घासला तर नळी सरळ झाल्यावर तो सैल बसतो आणि हवा गळते, ती चूक मग सुधारता येत नाही. दुरुस्तीवाला योग्य मापाच्या साधनाने नळी आतून गोल करतो.

याशिवाय थांबायच्या जागा तीन. कोरडा पिस्टन मोकळा सरकतो पण दाबल्यावर आळसावून वर येतो, तर स्प्रिंग थकली आहे. ती ताणून लांब करू नका, तिन्ही नव्या घाला. खालच्या टोपीचा आटा वाकडा चढला असेल तर जबरदस्तीने फिरवू नका, आटा गेला तर नळीच जाते. आणि माउथपाइपवर गुलाबी-लालसर ठिपके दिसत असतील तर पितळेतले जस्त निघून गेले आहे. ते पुसून जात नाहीत. पुढे तिथे भोक पडते आणि नळी बदलावी लागते.

सहा नंबरचा ट्रंपेट चार दिवसांत परत आला. आता कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर ट्रंपेटचा नंबर, आंघोळीची तारीख आणि शेवटच्या रकान्यात 'पडला का?' हा प्रश्न. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांना आंघोळ, स्लाइडना ताजे ग्रीस, व्हॉल्व्हना नेहमीपेक्षा दुप्पट तेल, आणि माउथपीस काढून वेगळ्या पिशवीत. जूनमध्ये शाळा उघडली की मुलांच्या हाती देण्याआधी मी प्रत्येक व्हॉल्व्हला पुन्हा तीन थेंब घालतो. चिकटलेला दिसला तर वरून दाबत नाही. ट्रंपेट उलटा धरून खालची टोपी काढतो, तिथून थेंब सोडतो आणि रात्रभर तसाच ठेवतो.